ॲप पुसलं म्हणून पैसे थांबत नाहीत : फोनवरच्या दरमहा कपातीच्या या चुका टाळा

एकतीस वर्षं गणित शिकवलं. वजाबाकीत हातचा विसरणारी पोरं पाहून जेवढी चिडले नसेन, तेवढी आता मंगळवार पेठेतल्या माझ्या गल्लीतले फोन पाहून चिडते. निवृत्तीनंतर संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की कुणीतरी फोन पुढं करतं, "बाई, हे एकशे नव्याण्णव कशाचे गेले बघा की." चुका त्याच त्या. म्हणून एकदा लिहूनच काढते.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे ॲप पुसून निवांत होणं. फोनवरून ॲप जातं, पण तुम्ही दिलेली परवानगी, जिला ऑटोपे किंवा मँडेट म्हणतात, ती तुमच्या बँक खात्याला जोडलेली असते. ती जिथून दिली तिथं जाऊन रद्द करेपर्यंत पैसे जात राहतात. पंधरा हजारांच्या आतल्या अशा बहुतेक कपातींना दर वेळी पिन लागत नाही, त्यामुळं आवाजही होत नाही.

आमच्या समोरच्या वाड्यातल्या आण्णांचं उदाहरण सांगते. श्रावणात त्यांनी पंचांगाचं एक ॲप घेतलं. "फक्त १ रुपयात ट्रायल" असं होतं. एक रुपया द्यायला पिन टाकला, त्याच पडद्यावर खाली बारीक अक्षरात पुढच्या दरमहा रकमेची परवानगी होती, ती कोण वाचतंय! ॲप आवडलं नाही, दोन दिवसांत पुसलं. फाल्गुनात पासबुक भरून आणलं तेव्हा एकशे नव्याण्णवच्या सात नोंदी. १९९ गुणिले ७, एक हजार तीनशे त्र्याण्णव रुपये. नोंदीत पंचांगाचा पत्ता नाही, मधल्या पेमेंट कंपनीचं अर्धवट तुटलेलं नाव. आण्णा बँकेत जाऊन भांडून आले, ॲप पुन्हा घेऊन पुन्हा पुसलं, आणि मग माझ्याकडं आले. हा क्रम सगळ्यांचाच. माझा नंबर शेवटी.

आधी प्ले स्टोअर उघडलं. वर उजवीकडचं चित्र, Payments & subscriptions, मग Subscriptions. रिकामं. (इथं एक लक्षात ठेवा, फोनवर दोन जीमेल असतील तर दोन्हींवर पाहायचं. निम्म्या घरांत खरेदी नातवाच्या जीमेलवर झालेली असते.) मग त्यांच्या रोजच्या पैशाच्या ॲपमधली ऑटोपेची यादी पाहिली. तीही रिकामी. आण्णा म्हणाले, "म्हंजे बँकच खातीय." मी म्हटलं, "थांबा जरा, मेसेज काढा." हजारभर न वाचलेले मेसेज होते. बोट दुखेपर्यंत मागं गेले, आणि श्रावणातला तो सापडला, मँडेट तयार झाल्याचा. काही बँका त्यात यूएमएन नावाचा लांबलचक आकडा देतात. त्याच्या शेवटाकडं बघायचं. आण्णांच्या आकड्याचा शेवट होता `@okaxis`.

हे शेपूट म्हणजे पत्ता. `@ok` ने सुरू होणारी, म्हणजे `@oksbi`, `@okaxis` वगैरे, गूगल पेची. `@ybl`, `@ibl`, `@axl` फोनपेची. `@paytm` किंवा `@pt` ने सुरू होणारी पेटीएमची. आण्णा शपथेवर सांगत होते, "मी फोनपे सोडून काय वापरतच न्हाई." पण त्याआधीच्या दिवाळीत आलेल्या जावयानं कॅशबॅकसाठी दुसरं ॲप टाकून दिलं होतं, ते एका फोल्डरच्या पोटात पडलेलं. उघडलं, प्रोफाइलमधल्या ऑटोपेत गेलो, तर पंचांग तिथं आरामात बसलेलं, पुढच्या तारखेसकट. तारखेच्या आदल्या दिवशी सूचनेचा मेसेज यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि आण्णांना तो दर वेळी आलाही होता. लॉटरी, कर्ज आणि साड्यांच्या मेसेजांखाली दबून गेला होता.

आणि मग, मी चष्मा पुसेपर्यंत, आण्णांनी Pause दाबलं. ही दुसरी चूक. पॉज म्हणजे विश्रांती, ठरलेल्या तारखेनंतर गाडी परत चालू. Cancel किंवा Revoke असं लिहिलेलंच दाबायचं. रद्द करताना पिन मागितला तर दचकू नका, काही ॲप मागतात. फक्त ते तुमच्याच ॲपच्या ऑटोपेच्या पानावर असलं पाहिजे, कुणी पाठवलेल्या लिंकवर नव्हे. रद्द झाल्याचा मेसेज आला की त्याचा फोटो काढून ठेवायचा. मी तर वहीत तारीखही लिहिते. लोक हसतात, हसू देत.

गेलेले पैसे आण्णांना परत मिळाले नाहीत. त्यांना घाई होती, "बाई, पटकन कस्टमर केअरचा नंबर शोधून द्या." गूगलवर सापडलेल्या नंबरवर फोन करणं ही तिसरी चूक, तिच्यापायी हजाराच्या जागी लाख जातात. नंबर ॲपच्या आतल्या मदतीच्या पानावरूनच घ्यायचा. कुणी स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर.

बाकीचं थोडक्यात. पैसे कापायच्या दिवशी रद्द करायला धावू नका, आदल्या दिवशीचा मेसेज आला की त्याच तासाला करा. कॉलर ट्यूनसारख्या सेवा सिमच्या बॅलन्समधून जातात, ऑटोपेत दिसत नाहीत, त्यासाठी `STOP` असा मेसेज १५५२२३ ला. आणि एका महिन्याचं स्टेटमेंट दाखवून "सगळं बघा" म्हणू नका. वर्षातून एकदाच कापलं जाणारं त्यात दिसणारच नाही. मी बारा महिन्यांची पानं असल्याशिवाय बसत नाही.

त्या बारा महिन्यांच्या पानांतूनच एक उलटी चूक दिसते. बोळाच्या तोंडाला भाजी विकणाऱ्या मावशी मेअखेरीस तावातावानं आल्या. "बाई, बँकेनं आधी वीस खाल्लं, मग चारशे छत्तीस. बंद करा सगळं." हातात पेनानं दोन गोल केलेलं पासबुक. मी म्हटलं, हे खाल्लेलं नाही. वीस रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला दोन लाख. चारशे छत्तीस म्हणजे जीवन ज्योती, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी दोन लाख. दोन्ही १ जून ते ३१ मे असं वर्षभर चालतात, म्हणून पैसे याच दिवसांत जातात. पाच वर्षांपूर्वी खातं उघडताना तुम्हीच अंगठा दिलाय.

मावशींनी पासबुक परत घेतलं, गोलांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग आमच्या मालकांचं पण चालू करा की."

मालकांचं वय सत्तावन्न. जीवन ज्योतीत पन्नाशीपर्यंतच शिरता येतं, त्यामुळं ते जमलं नाही. सुरक्षा विमा सत्तरीपर्यंत मिळतो. दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेले आणि वीस रुपयांचा फॉर्म भरून आले. येताना मला मेथीची एक जुडी.