हैतीचा भूकंप मुळशीत कसा आला

जीआयएसच्या कामाला लागून मला तीनच आठवडे झाले होते, तेव्हाची गोष्ट. नकाशा उघडतो कसा, लेयर म्हणजे काय, सीएसव्ही आत कशी घ्यायची हे तुम्हाला येत असणारच, ते सांगत बसत नाही. मी आपटले ती जागा मात्र सावकाश सांगते.

काम साधं होतं. १४ ऑगस्ट २०२१ ला हैतीत ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यानंतरच्या धक्क्यांचे बिंदू नकाशावर टाकायचे. पण हे धक्के हैतीतले आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मिळालेल्या शीटमध्ये हैतीचं नावसुद्धा नव्हतं. वेळ, अक्षांश, रेखांश, खोली, तीव्रता, एवढेच कॉलम. एका वेबपेजवरच्या तक्त्यातून कोणीतरी ते उचलून चिकटवले होते. मी पायथॉनमध्ये फाइल वाचली, तर रेखांशाच्या कॉलमवर ही तक्रार आली:

```
ValueError: could not convert string to float: '−73.482'
```

नीट बघा, ते चिन्ह कीबोर्डवरचं वजा नाही. वेबपेजवर आणि पीडीएफमध्ये बरेचदा छपाईचं, थोडं लांब वजा वापरतात. त्याचा युनिकोड क्रमांक U+2212. आपण टाइप करतो ते हायफनवालं वजा वेगळं. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण `float` ला त्यातलं एकच कळतं. मला वाटलं, तक्ता चिकटवताना आलेला कचरा आहे. मग सगळे करतात तेच मी केलं, आकडा आणि टिंब सोडून बाकी सगळं उडवलं:

```python
s = re.sub(r'[^0-9.]', '', s)
```

एरर गेली. इंटरनेटवर 'कॉलम साफ कसा करावा' म्हणून ही ओळ जागोजागी सापडते आणि मला तिचा आजही राग आहे. ती `73.482°W` मधला W खाते, खरं वजाही खाते, आणि वर तुम्हाला वाटतं की डेटा स्वच्छ झाला.

आता गंमत बघा. मुख्य धक्क्याचा केंद्रबिंदू अक्षांश 18.434, रेखांश -73.482. यातलं वजा काढलं की उरतं 18.434, 73.482. हे ठिकाण मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या आसपास येतं. हैती आणि पुणे दोन्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. रेखांशाचा आकडाही जवळपास तोच, फक्त ते ग्रीनिचच्या पश्चिमेला आणि आपण पूर्वेला. तिकडची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स वजा गमावली की अलिबागच्या पश्चिमेला अरबी समुद्रात बुडते.

माझ्या नकाशाचा डीफॉल्ट व्ह्यू पुण्यावरच उघडत होता. बिंदू समोरच पडले, तेही धरणाजवळ. मला लगेच कोयना आठवलं. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि जलाशयाशी जोडलेले भूकंप हे आपण शाळेपासून ऐकतो. मी मनातल्या मनात 'मुळशी धरण आणि भूगर्भीय हालचाली' असा मथळासुद्धा तयार केला. चूक हास्यास्पद दिसली असती तर मी तिथेच सावरले असते. पण ती चांगली शोभत होती.

सरांनी स्क्रीन पाहिली आणि विचारलं, "अगं, महिनाभरात मुळशीत एवढे धक्के बसले आणि आपल्या चहाच्या कपात लाटसुद्धा उठली नाही?"

कान लाल झाले माझे. पण पुढची दहा मिनिटं त्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. (काही सीनियर नुसतं "उलटं करून बघ" म्हणून निघून जातात. त्यांच्यापासून जपून राहा. उलटं करून बिंदू बरोबर देशात आला तरी का आला ते कळत नाही, आणि पुढच्या फाइलला पुन्हा तेच.)

त्यांनी आकृतीच्या आकाराकडे बघायला लावलं. हैतीत केंद्रापासून खडकातली फूट पश्चिमेकडे सरकत गेली, त्यामुळे नंतरचे धक्केही पश्चिमेकडे पसरलेले. माझ्या नकाशावर मात्र ते पूर्वेकडे, मुळशीहून पुणे शहराच्या दिशेने चालले होते. रेखांशाचं वजा हरवलं की सगळी आकृती आरशातल्यासारखी डावी-उजवी होते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर वेगळंच होतं: पूर्व-पश्चिम पट्टा उत्तर-दक्षिण उभा राहतो. म्हणजे बिंदू चुकीच्या देशात आहेत हे कळल्यावर आधी पट्टा कसा वळलाय ते पाहायचं, चूक कुठल्या जातीची ते तिथेच कळतं.

अदलाबदल का होते, तर आपण तोंडाने 'अक्षांश-रेखांश' म्हणतो आणि गूगल मॅप्समधून कॉपी केलं तरी तसंच येतं. पण आलेखात आधी x, मग y. आडवा x म्हणजे रेखांश. म्हणून जिओजेसनमध्ये आणि पोस्टजीआयएसच्या `ST_MakePoint` मध्ये रेखांश आधी लिहायचा, तर लीफलेटमध्ये अक्षांश आधी. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, हेच त्रासदायक आहे. तुम्ही मूर्ख नाही, हा घोळ आपल्या आधीपासूनचा आहे.

पुण्याचं 18.52, 73.86 उलटं टाका. बिंदू नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या दक्षिणेला पन्नास-साठ किलोमीटरवर, भर समुद्रात पडतो. नागपूर स्वालबार्डला पोचतं. एररची वाट बघू नका, कारण अक्षांश 90 पर्यंत चालतो आणि 73.86 त्यात बसतो. गुवाहाटीचा रेखांश 91.74 आहे, तो अक्षांशाच्या जागी गेला तर तपासणी असलेलं सॉफ्टवेअर ओरडतं. म्हणजे एकाच फाइलमध्ये ईशान्येकडच्या ओळी अडतात आणि महाराष्ट्रातल्या शांतपणे आर्क्टिकला जातात. मी एका मित्राला अडलेल्या ओळी 'खराब डेटा' म्हणून काढून टाकताना पाहिलंय. आजार सांगणाऱ्या तेवढ्याच ओळी होत्या, आणि त्याच त्याने फेकल्या.

भारतापुरतं तरी तपासणं सोपं आहे: आपला अक्षांश 38 च्या खाली आणि रेखांश 68 च्या वर, दोन्ही पट्टे कुठेच एकमेकांवर येत नाहीत. सगळीकडे असं नशीब नसतं. अंकारा, 39.93 आणि 32.86, उलटलं तर इराकमधल्या रुतबाजवळच्या वाळवंटात जातं. दोन्ही आकडे दोन्ही जागी खपतात, त्यामुळे आकड्याकडे नुसतं पाहून काहीच कळत नाही.

सरांनी माझी साफसफाईची ओळ खोडली आणि तिच्या जागी हे लिहिलं:

```python
s = s.replace('\u2212', '-')
lon = float(s)
assert -75 < lon < -71
```

पहिली ओळ चिन्ह काढत नाही, बदलते. तिसरी ओळ म्हणजे हैतीची चौकट. अक्षांशासाठी तशीच 17.5 ते 20.5. देश बदलला की चौकट बदलायची. ती आधी कागदावर लिहायची, बिंदू पाहून नाही, नाहीतर चुकलेल्या बिंदूंभोवतीच चौकट आखली जाते. मी पहिल्या दिवशी तेच केलं असतं. आणि फाइलमध्ये W असेल तर आधी बघा की आकड्याला वजा आधीच लावलेलं नाही ना. काही तक्त्यांत दोन्ही असतात, आणि W बघून पुन्हा उणे एकने गुणलं की बिंदू परत मुळशीत.

मी तो कोड पुन्हा चालवला. पहिल्याच ओळीला `assert` अडलं, कारण आदल्या दिवशीची साफ केलेली फाइलच मी वाचत होते. मूळ फाइल शोधायला अजून अर्धा तास गेला.