प्रीकास्ट कंपाउंड पहिल्या पावसाळ्यातच का झुकतं? या चुका टाळा

नागपुरात बेसा-बेलतरोडीकडे किंवा उमरेड रोडच्या नव्या ले-आउटमध्ये जुलैच्या शेवटी एक चक्कर मारा. यार्डात ओतलेले काँक्रीटचे खांब आणि त्यांच्या खाचेत सरकवलेली पॅनल अशी उन्हाळ्यात उभी झालेली प्रीकास्ट कंपाउंडं दोन-तीन गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या भागांत, बाहेर कललेली दिसतील. मालक म्हणतो माल हलका होता, ठेकेदार म्हणतो माती काळी आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा माल ठीक असतो. चूक झालेली असते ती भिंतीकडून काय काम करून घ्यायचं हे ठरवताना.

ही चूक मी स्वतःही केली आहे. ३० बाय ५० फुटांचा प्लॉट होता. पुढे १० फुटांचं गेट सोडून १५० फूट कंपाउंड. पॅनल ६ फूट लांब, १ फूट उंच, २ इंच जाड. खांबाची जाडी धरून एक गाळा सव्वासहा फुटांचा पडतो. ५० फुटांच्या बाजूला बरोबर ८ गाळे बसले, मागच्या ३० फुटांत ४ पूर्ण आणि एक आखूड. पाच पॅनल उंचीचं काम खड्डे तयार असल्यामुळे चार माणसांनी तीन दिवसांत उरकलं. मग मालकांनी रस्त्याच्या पातळीला यायचं म्हणून आत दोन फूट मुरूम भरला, आणि मी अडवलं नाही. दुसऱ्याच मोठ्या पावसात मागचे तीन गाळे शेजारच्या प्लॉटकडे झुकले.

भरणाला टेकलेली भिंत

प्रीकास्ट कंपाउंड आडोशासाठी असतं. वारा आणि स्वतःचं वजन एवढंच ते पेलतं. दोन फूट कोरडा मुरूम एका गाळ्यावर साधारण २०० किलोचा आडवा रेटा देतो. मुरमात पाणी साचलं की तो जवळपास दुप्पट होतो. दोन इंची पॅनलमध्ये सळई मधोमध असते, त्यामुळे आडव्या रेट्याला त्याची ताकद फारच कमी.

भरण करायचंच असेल तर आधी भरणाच्या उंचीपर्यंत दगडी किंवा आरसीसी भिंत बांधा, तिच्यात पाणी निघायला दर पाच-सहा फुटांवर भोकं ठेवा, आणि प्रीकास्टचे खांब तिच्यातच धरून वर पॅनल लावा. दोन फुटांच्या भरणासाठी दीड फूट रुंदीची दगडी भिंत पुरते. हा खर्च जोडल्यावर प्रीकास्ट विटांच्या भिंतीपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही. मालकाला हे सुरुवातीलाच सांगा. माझ्या त्या कामात मुरूम मागे ओढून, तीन गाळे उतरवून, दगडी भिंत घालून पुन्हा उभं करावं लागलं, आणि तो खर्च माझ्या खिशातून गेला.

खांबाचा खड्डा

नागपूरची काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाच फूट भिंतीसाठी साडेसात फुटी खांब घेऊन अडीच फूट गाडला जातो. मी काळ्या मातीत ८ फुटी खांब घेऊन ३ फूट गाडतो आणि खाली मुरूम लागतो का ते बघतो. खड्डा सव्वा फूट चौरस, तळाला चार इंच कोबा, मग ओळंबा लावून खांब उभा करून चहूबाजूंनी १:२:४ काँक्रीट. काढलेली काळी मातीच परत खड्ड्यात लोटली तर तो खांब हमखास हलतो.

एक गोष्ट बारकाईने बघा. वर उरलेलं काँक्रीट मजूर खांबाभोवती पसरवून देतात, छत्रीसारखं. फुगणारी माती त्याच छत्रीखाली दाब देऊन खांब वर उचलते. काँक्रीट खड्ड्याच्या आकारातच थांबवा आणि वरचा भाग उतरता करा. तसंच खालचं पॅनल मातीवर टेकवू नका. खांबापाशी काँक्रीटवर बसवा आणि खाली दोन-तीन इंच जागा सोडून ती सैल वाळूने भरा.

नंतर बिघाड ओळखायचा असेल तर सोपं आहे. वरच्या कडेला दोरी धरा आणि खांबाला ओळंबा लावा. खांब सरळ आणि पॅनलला पोट आलं असेल तर भरणाचा रेटा. खांबच एका बाजूला कलला असेल तर आधी भरण बघा. भरण नसेल तर खड्डा उथळ. पॅनल वर सरकून खाली फट आणि सांधे तिरके झाले असतील तर माती फुगली. कोपऱ्यावरच खाच तुटली असेल तर बहुधा सरळ रेषेचा खांब कोपऱ्याला वापरलाय. कोपऱ्याच्या खांबाला काटकोनात खाच असते, तो वेगळा मागवावा लागतो. आखूड गाळ्याचं पॅनलही यार्डातूनच त्या मापाचं घ्या. ग्राइंडरने कापलं तर सळईचं टोक उघडं पडतं आणि तिथून गंज धरतो.

कव्हर स्लॅब उलटा बसवणं

नालीवर किंवा चेंबरवर स्लॅब ठेवताना मजूर विचारतो, "भाऊ, गुळगुळीत बाजू वर ठेवू ना?" दिसायला बरं म्हणून आपण हो म्हणतो. पण गुळगुळीत बाजू साच्याला लागलेली असते, आणि बहुतेक यार्डांत सळई त्याच बाजूला, अर्धा-पाऊण इंच आत असते. वजन आल्यावर ताण स्लॅबच्या खालच्या बाजूला येतो, तिथे सळई नसेल तर स्लॅब मधोमध तडकतो. यार्डवाल्याला सळईची बाजू विचारून घ्या, तिथेच रंगाने खूण करा, आणि ती बाजू खाली ठेवा. दोन्ही कडांना किमान तीन-चार इंच टेकू द्या आणि मसाल्यावर बसवा. पायी चालायचा स्लॅब पार्किंगमध्ये वापरू नका. गाडीसाठी जाडी आणि सळई दोन्ही वेगळी लागतात.

रिंगा

३ फूट व्यासाची, १ फूट उंच काँक्रीटची रिंग साधारण २०० लिटर पाणी धरते. चार-पाच रिंगा रचून तळ मोकळा ठेवला की लोक त्याला सेप्टिक टाकी म्हणतात, पण तो शोषखड्डा झाला. सेप्टिक टाकीला काँक्रीटचा तळ आणि बंद सांधे लागतात, आणि त्यातून निघालेलं पाणी पुढे शोषखड्ड्यात जातं. काळी माती ओली झाली की पाणी पीतच नाही, त्यामुळे ऑगस्टमध्ये संडास तुंबतो आणि मालक पाइपला दोष देतो. शोषखड्डा मुरमापर्यंत न्या, रिंगेभोवती गिट्टी भरा. टाकीच्या रिंगांचे सांधे मात्र आतून-बाहेरून सिमेंटने बंद करा, आणि पावसाळ्यात नवीन टाकी कोरडी ठेवू नका. आजूबाजूचं पाणी चढलं तर रिकामी टाकी वर उचलली जाते.

कुठे घ्यायचं, कुठे नाही

मोकळा प्लॉट लवकर बंद करायचा असेल, जमीन सपाट असेल, भरण नसेल, तर मी आजही प्रीकास्टच घेतो. नऊ इंची विटांच्या भिंतीपेक्षा ते जागा कमी खातं आणि उद्या उतरवून दुसरीकडे लावताही येतं. उतरवता येतं म्हणजे चोरालाही वरचं पॅनल उचलता येतं, म्हणून वरच्या ओळीची खाच मसाल्याने भरून घ्या. माल उतरवताना पॅनल उभंच धरा, आडवं नाही. साधारण ६५-७० किलोचं पॅनल आडवं धरून चालताना मधोमध केसासारखी चीर पडते. ती त्या दिवशी दिसत नाही, भिंत उभी राहिल्यावर पहिल्या पावसात ओली रेघ होऊन दिसते.