लिफ्टच्या दुरुस्तीचं वेळापत्रक मागताना या चुका टाळा

आमच्या डोंबिवलीच्या सात मजली इमारतीत एकच लिफ्ट आहे. ती बंद पडली की सहाव्या मजल्यावरच्या आजी डायलिसिसला कशा उतरणार, हा प्रश्न आम्हाला दर वेळी पडायचा. सोसायटीला आम्ही दोन पत्रं दिली, दोन्ही वाया गेली. तिसऱ्या पत्रावर कमिटीने ठराव केला. त्या तिन्ही पत्रांतून जे शिकलो, ते सांगतो.

पहिल्या पत्रात आम्ही लिहिलं होतं, "लिफ्ट सारखी बंद पडते, लवकरात लवकर दुरुस्ती करावी." कमिटीने मेकॅनिकला बोलावलं, त्याने अर्ध्या तासात लिफ्ट चालू केली आणि तक्रार मिटली. आठ दिवसांनी लिफ्ट पुन्हा बंद! चूक मागणीतच होती. "दुरुस्ती करा" म्हटलं की लिफ्ट चालू होताच ते काम संपतं. आपल्याला हवं असतं ते म्हणजे लिफ्ट बंद पडायच्या आधी कोण, कधी, काय तपासणार हे ठरलेलं असणं. पत्रात तेच मागायला हवं.

दुसरी चूक म्हणजे नोंदींशिवाय लिहिणं. "सारखी" म्हणजे किती? चेअरमनना वाटतं महिन्यातून एकदा, आपल्याला वाटतं रोज. आम्ही वॉचमनच्या केबिनमध्ये एक साधी वही ठेवली. लिफ्ट बंद पडली की तारीख, वेळ, कोणत्या मजल्यावर, दार उघडं होतं की बंद, मेकॅनिक किती वाजता आला आणि त्याने काय केलं, एवढंच लिहायचं. 1 एप्रिल ते 30 जून या काळात लिफ्ट 11 वेळा बंद पडली. त्यातल्या 7 वेळा ती तिसऱ्या मजल्याशी अडली होती, 2 वेळा वीज जाऊन आल्यावर, आणि जूनमध्ये 2 वेळा लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचल्यावर.

ही वही वाचल्यावर दुखणं कुठे आहे ते समजलं. हाताने उघडायच्या दारांच्या लिफ्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या दाराला लॉक असतं आणि त्यात विजेचा एक कॉन्टॅक्ट असतो. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकाच साखळीत जोडलेले असतात, म्हणून एक जरी नीट लागला नाही तरी लिफ्ट हलत नाही. ही सुरक्षेचीच सोय आहे. दार जोरात ढकललं किंवा पुन्हा आपटलं की लिफ्ट चालू होत असेल, तर बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरची मुलं दार आपटत असत आणि मोठी माणसं त्यांना ओरडत असत. प्रत्यक्षात लॉकचा भाग झिजला होता. मेकॅनिक येऊन कॉन्टॅक्ट घासून जायचा, पण झिजलेला भाग बदलायचा नाही.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाची वाट न पाहता करा. दार उघडं असताना लिफ्ट हलत असेल, तर लॉकची साखळी वायर जोडून टाळलेली असू शकते. अशा वेळी लिफ्ट ताबडतोब बंद करायला लावा, मेन स्विच बंद ठेवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा.

तिसरी चूक कराराकडे न पाहण्याची. वार्षिक देखभाल करार साधारण दोन तऱ्हांचे असतात. एकात बहुतेक सुटे भाग धरलेले असतात, दुसऱ्यात फक्त सर्व्हिस असते आणि भागांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आमचा करार दुसऱ्या प्रकारचा निघाला. कंपनीने नव्या लॉकचं कोटेशन दोन महिन्यांपूर्वीच दिलं होतं आणि ते सेक्रेटरींच्या फाइलमध्ये पडून होतं. मेकॅनिक कामचुकार आहे, असं आम्ही पत्रात ठोकून दिलं असतं तर ते अन्यायाचं झालं असतं. म्हणून आधी सोसायटीकडे कराराची प्रत आणि गेल्या सहा महिन्यांच्या सर्व्हिस स्लिप बघायला मागा.

आमच्या तिसऱ्या पत्राचा गाभा असा होता:

"मा. सेक्रेटरी यांस, विषय: लिफ्टच्या देखभालीचं लेखी वेळापत्रक ठरवण्याबाबत. 1 एप्रिल ते 30 जून या काळात लिफ्ट 11 वेळा बंद पडली, त्यातल्या 7 वेळा तिसऱ्या मजल्यापाशी. नोंदवहीची प्रत सोबत जोडली आहे. विनंती अशी की पुढील कमिटी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन खालीलप्रमाणे ठराव करावा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी 11 ते 1 सर्व्हिस व्हावी आणि आदल्या दिवशी सूचना लावावी. त्या वेळी सातही मजल्यांची दारं आणि लॉक तपासून स्लिपवर मजल्यागणिक नोंद व्हावी. दर वर्षी मेअखेरीस खालचा खड्डा साफ करून पंप तपासावा. भागाचं कोटेशन आल्यापासून 10 दिवसांत मंजूर करावं किंवा नाकारण्याचं कारण कळवावं. सर्व्हिस स्लिपची प्रत सूचना फलकावर लावावी. घेतलेला निर्णय आम्हाला लेखी कळवावा."

पहिला शनिवार निवडण्याचं कारण असं की त्या दिवशी कमिटीतलं कोणीतरी घरी असतं आणि मेकॅनिकच्या सोबत उभं राहू शकतं. तुमच्याकडे वेगळा दिवस सोयीचा असेल, पण दिवस ठरलेला हवा. "महिन्यातून एकदा" एवढंच लिहिलं तर तो दिवस कधीच उगवत नाही.

पत्र व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागत नाही, हे आम्ही दुसऱ्या पत्राच्या वेळी शिकलो. तिथे ते शुभ सकाळच्या फोटोंखाली गेलं आणि कमिटीपुढे कधी आलंच नाही. दोन प्रती काढा, एकीवर सोसायटीचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच जपून ठेवा. एकट्याच्या सहीपेक्षा वेगवेगळ्या मजल्यांवरच्या पाच-सहा सभासदांच्या सह्या जास्त उपयोगी पडतात. खालच्या मजल्यावरच्यांनाही विचारा. आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर समान असतो, मग लिफ्ट वापरो वा न वापरो. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकांचाही या करारात तितकाच वाटा आहे. आमच्याकडे पहिली सही त्यांचीच होती.

"मेंटेनन्स भरणार नाही" अशी धमकी मात्र पत्रात घालू नका. थकबाकीदार तुम्हीच ठरता, आणि मूळ विषय मागे पडून वसुलीचा विषय पुढे येतो.

कमिटीने उत्तरच दिलं नाही तर पंधरा दिवसांनी पोचेचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या, आणि मग विषय सर्वसाधारण सभेपुढे आणा. सुरक्षेचा प्रश्न असेल, म्हणजे दार उघडं असताना लिफ्ट चालणं, मजल्याच्या वर-खाली थांबणं, तर लिफ्ट निरीक्षकांकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रात लिफ्टसाठी 2017चा स्वतंत्र कायदा आहे. पण मासिक सर्व्हिसचा दिवस निरीक्षक ठरवून देत नाहीत, तो कमिटीलाच ठरवावा लागतो.

आमचं तिसऱ्या मजल्याचं लॉक ऑगस्टमध्ये बदललं. वही अजून वॉचमनकडेच आहे, आणि पहिल्या शनिवारी सेक्रेटरी तीच वही घेऊन मेकॅनिकसोबत वर जातात.