मधमाशी चावल्यावर नुसती सूज बघत बसता? या चुका टाळा

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की सगळे त्या जागेभोवती जमतात आणि सूज किती आली ते बघतात. सूज मोठी तर धोका मोठा, असा सरळ हिशोब. हा हिशोब दोन्हीकडून फसतो.

समजा, एकाला मनगटावर मधमाशी चावली. संध्याकाळपर्यंत पंजा सुजला, दुसऱ्या दिवशी सूज कोपरापर्यंत गेली, बोटं मिटेनात, कातडी लाल आणि गरम. दुसऱ्याला बोटाला गांधीलमाशी चावली. बोट धड सुजलंही नाही, पण दहा मिनिटांत तळहात-तळपाय खाजू लागले, पोटात कळ येऊन उलटी झाली आणि ‘जरा गरगरतंय’ म्हणत तो भिंतीला टेकला. रुग्णवाहिका बोलवायची ती या दुसऱ्यासाठी.

पहिल्याची सूज भयानक दिसते, पण ती डंखापासून सलग पसरलेली आहे. बाकीचं शरीर ठीक आहे. अशी दहा सेंटिमीटरपेक्षा मोठी सूज काहींना येते, पहिल्या एक-दोन दिवसांत वाढते आणि ओसरायला पाच ते दहा दिवस घेते. हात उंचावर ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, अंगठ्या-बांगड्या सूज चढण्याआधीच काढाव्यात. खाजेसाठी अ‍ॅलर्जीची गोळी इथे उपयोगी पडते.

याच टप्प्यावर हटकून होणारी चूक म्हणजे ‘जंतुसंसर्ग झाला’ असं समजून अँटिबायोटिक सुरू करणं. पहिल्या दोन दिवसांतली लाली सहसा विषामुळे आलेली असते, जंतूंमुळे नाही. सूज ओसरायला लागून तीन-चार दिवसांनी पुन्हा वाढली, ठणका वाढला, ताप किंवा पू आला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरा माणूस. डंख बोटाला आणि त्रास पोटात, कातडीवर, डोक्यात, म्हणजे डंखापासून लांब, एकाच वेळी अनेक ठिकाणी. ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे सगळ्या शरीरावर एकदम उसळणाऱ्या जीवघेण्या अ‍ॅलर्जीची खूण. बहुतेकदा ती काही मिनिटांत ते तासाभरात दिसते. अंगभर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, गिळताना अडकणं, छातीत घरघर, भोवळ ही इतर लक्षणं. अंगावर पित्त उठलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींचा थेट रक्तदाबच कोसळतो.

इथे सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे अ‍ॅलर्जीची गोळी देऊन ‘अर्धा तास बघू’ म्हणणं. गोळीने खाज कमी होते. घशाची सूज, दम आणि पडणारा रक्तदाब तिला आवरत नाही. त्यावरचं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचलेलं. ज्यांना आधीच धोका माहीत आहे त्यांच्याकडे डॉक्टरांनी लिहून दिलेलं तयार इंजेक्शन असू शकतं. ते लगेच वापरा आणि त्याच दमात रुग्णवाहिका बोलवा. लोक इंजेक्शनचे दुष्परिणाम आठवून थांबतात, पण या घडीला उशीर जास्त घातक असतो. पाच ते पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं इंजेक्शन देता येतं, म्हणून दोन जवळ ठेवलेली बरी.

तेवढीच धोक्याची आणि फार कमी लोकांना माहीत असलेली चूक म्हणजे रुग्णाला उठवून गाडीपर्यंत चालवत नेणं. रक्तवाहिन्या सैल पडून पायांत रक्त साचलेलं असताना माणूस एकदम उभा राहिला, तर हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि तो जागीच कोसळू शकतो. त्याला आडवं झोपवा, पाय थोडे वर. दम लागत असेल तर पाय लांब करून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. बरं वाटलं तरी उठू देऊ नका. रुग्णालयातही काही तास थांबावं लागतं, कारण लक्षणं ओसरून पुन्हा उलटू शकतात.

‘मागे चावली होती तेव्हा काही झालं नव्हतं’ हा दिलासाही खोटा. आधीच्या डंखानेच शरीर त्या विषाविरुद्ध तयार झालेलं असू शकतं. एकदा अशी तीव्र प्रतिक्रिया आली की अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना भेटा. विषाचे अगदी छोटे डोस वाढवत नेण्याचा उपचार असतो आणि तो पुढच्या डंखाचा धोका पुष्कळ कमी करतो.

नांगीचं म्हणाल तर ती मधमाशीच मागे सोडते, गांधीलमाशी सहसा नाही. चिमटा शोधू नका, नखाने असो की कार्डाने, पहिल्या काही सेकंदांत ती काढून टाका.

डंखाभोवतीची सूजच जीवघेणी ठरू शकते अशी एक जागा आहे, ती म्हणजे तोंड आणि घसा. पेयाच्या डब्यात शिरलेली गांधीलमाशी घोटाबरोबर आत गेली, तर अ‍ॅलर्जी नसलेल्याचाही श्वास अडू शकतो. तिथे लक्षणांची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा. एकदम खूप माश्या चावल्या असतील तरी तेच, कारण तिथे विषाचं प्रमाणच जास्त असतं.