०/९० चं कार्बन लॅमिनेट क्युअरिंगनंतर का वाकतं: दोन पट्ट्या बनवून, मोजून पाहण्याची रीत

सपाट प्लेटवर थर रचून, व्हॅक्यूम बॅगेत दाबून, ओव्हनच्या उष्णतेने राळ कडक करून नीट क्युअर केलेलं कार्बन पॅनल बॅग उघडताच धनुष्यासारखं वाकतं. राळ खराब होती किंवा ओव्हन बिघडला, असा संशय आधी येतो. बहुतेक वेळा दोष थरांच्या क्रमात असतो, आणि तो एका दिवसात सिद्ध करता येतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या छोट्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम पंप आणि तापमान नीट धरणारा ओव्हन असेल, तर उरलेली मोजमापाची साधनं, म्हणजे सरफेस प्लेट आणि हाइट गेज, शेजारच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये मिळतील.

रचना

१२० अंशांना क्युअर होणारं, ०.१२५ मिमी जाडीचं एकदिशी कार्बन-इपॉक्सी प्रीप्रेग, म्हणजे आधीच राळेत भिजवलेले एकाच दिशेचे तंतू, घ्या. त्याचे २५० × २५० मिमीचे सोळा तुकडे कापा. प्रत्येक पॅनलला आठ थर, म्हणजे १ मिमी जाडी होईल. पुढे ० आणि ९० हे त्या त्या थरातल्या तंतूंच्या दिशेचे अंश आहेत.

पहिलं पॅनल असममित: खाली ०, ०, ०, ० आणि वर ९०, ९०, ९०, ९०. दुसरं सममित: ०, ०, ९०, ९०, ९०, ९०, ०, ०. दोन्हींत माल तेवढाच आणि तंतूंच्या दिशाही त्याच, बदलतो तो फक्त क्रम. दुसऱ्या पॅनलच्या मधोमध आरसा धरला तर वरचा अर्धा भाग खालच्याचं प्रतिबिंब दिसेल. पहिल्याचं तसं दिसत नाही.

प्रीप्रेग फ्रीझरमधून काढल्यावर सीलबंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कोल्हापुरात जुलैच्या हवेत थंड रोल उघडला तर त्यावर लगेच दव धरतं. ते पाणी क्युअरिंगमध्ये वाफ होऊन थरांमध्ये पोकळ्या करतं आणि मग मोजमापावर विश्वास ठेवता येत नाही.

दोन्ही पॅनल एकाच जाड स्टीलच्या प्लेटवर, एकाच बॅगेत ठेवा. प्लेट आणि पॅनल यांच्यामध्ये रिलीज फिल्मचे दोन थर द्या. तापताना प्लेट फुगते आणि चिकटून असलेल्या खालच्या थराला ओढते. दोन फिल्म एकमेकींवर सरकल्या की ही ओढ बरीच कमी होते. तापमान मिनिटाला दोन अंशांनी वाढवा, १२० अंशांवर उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये दिलेला वेळ धरा आणि पॅनल ५० अंशांखाली येईपर्यंत व्हॅक्यूम सोडू नका. बॅगेत असेपर्यंत दोन्ही पॅनल सपाटच दिसतील, कारण हवेचा दाब त्यांना धरून ठेवतो. बाक व्हॅक्यूम सुटल्यावर दिसतो.

आता प्रत्येक पॅनलच्या मधल्या भागातून २०० × २० मिमीची पट्टी पाणी सोडत डायमंड चकतीने कापा. लांबी ०च्या तंतूंच्या दिशेने ठेवा. पट्टी अरुंद हवी, कारण मग एकाच दिशेचा बाक स्वच्छ मोजता येतो.

मोजमाप

पट्टी खोलगट बाजू खाली करून सरफेस प्लेटवर ठेवा. मधल्या बिंदूची उंची घ्या आणि त्यातून जाडीचा १ मिमी वजा करा. उरलेला आकडा d, टोकांमधलं अंतर L, तर बाकाची त्रिज्या:

```
R = L*L / (8*d)
```

असममित पट्टीत d सुमारे ११ मिमी, म्हणजे R साधारण ४५५ मिमी यायला हवी. सममित पट्टी जवळपास सपाट असते. तिच्यात थोडा बाक आलाच तर तो प्लेटच्या ओढीचा किंवा एखाद्या थराच्या चुकलेल्या कोनाचा असतो. त्याची दिशा पाहून तो पहिल्या पट्टीच्या आकड्यातून वजा किंवा अधिक करा.

खोलगट बाजू कोणती, हेही नोंदवा. ती ९०ची बाजू असली पाहिजे. उलट निघाली तर रचताना पॅनल उलटलं गेलं आहे किंवा पट्टी ९०च्या दिशेने कापली आहे.

११ मिमी कुठून आले

कार्बन तंतूंच्या दिशेने लॅमिनेट तापमानाने जवळजवळ बदलत नाही. तंतूंना आडवं ते राळेसारखं वागतं: दर अंशाला लांबीच्या सुमारे २८ दशलक्षांश इतकं आकसतं. १२० वरून २५ अंशांवर येताना, म्हणजे ९५ अंशांत, वरच्या ९०च्या अर्ध्या भागाला २०० मिमीमध्ये ०.५३ मिमी आखूड व्हायचं असतं. खालच्या ०च्या भागाला तसंच राहायचं असतं. दोघे चिकटलेले असल्यामुळे पट्टी ९०च्या बाजूकडे वळते.

एवढं कारण पुरेसं वाटतं, पण हिशेब केला की ते अपुरं पडतं. ०च्या भागाचा ताठपणा लांबीच्या दिशेने १३५ गिगापास्कल आहे आणि ९०च्या भागाचा फक्त ९. पट्टीच्या रुंदीच्या दर मिलिमीटरला समीकरणं अशी:

```
N = A*e + B*k
M = B*e + D*k
```

N आणि M म्हणजे थंड होताना आतून निर्माण होणारं बल आणि मोमेंट, e मधल्या पातळीवर लांबीत होणारा सापेक्ष बदल आणि k बाक, म्हणजे १/R. A ओढीला विरोध करतो, D वाकण्याला. B दोन्हींना जोडतो. आपल्या पट्टीत A ७२ किलोन्यूटन प्रति मिमी, B १५.७५ किलोन्यूटन (चिन्ह सोडून) आणि D ६ किलोन्यूटन-मिमी येतो.

B शून्य असता तर थंड होण्याच्या मोमेंटमुळे पट्टी फक्त २.५ मिमी उचलली असती. B दोन वाटांनी भर घालतो. आकसण्याचं बल मधल्या पातळीवर असलं तरी एका बाजूचा ताठ भाग त्याला मागे धरतो, आणि ते बल वाकवायला लागतं. त्यामुळे मोमेंट जवळपास दुप्पट होतो. शिवाय वाकताना पट्टी आपली लांबी थोडी बदलून विरोध टाळते, म्हणून प्रत्यक्ष विरोध D पासून D − B²/A पर्यंत, म्हणजे ६ वरून सुमारे २.५५ वर येतो. दोन्हींचा गुणाकार चारपटींहून जास्त होतो. सममित क्रमात B आणि थंड होण्याचा मोमेंट दोन्ही एकदमच शून्य होतात, म्हणून ती पट्टी सपाट राहते.

थर मिसळले तर किती फरक पडतो, हे पाहायचं असेल तर तिसरं पॅनल ०, ०, ९०, ९०, ०, ०, ९०, ९० असं रचा. तेही असममितच आहे, पण B अर्धा होतो आणि बाक सुमारे पाव भागावर येतो: ११ च्या जागी पावणेतीन मिमी.

खात्री आणि फसवे प्रसंग

असममित पट्टी परत ओव्हनमध्ये हळूहळू तापवा. बाक उलगडत जाऊन १२० अंशांच्या आसपास जवळजवळ नाहीसा झाला, तर कारण तापमानातलं आकसणं होतं. तिथेही पट्टी ठळक वाकलेली राहिली तर राळेचं क्युअरिंगमधलं आकसणं किंवा प्लेटची ओढ शोधा.

वजन ठेवून पट्टी सरळ करण्याच्या नादी लागू नका. क्लॅम्प करून पुन्हा तापवली तरी थंड होताना तेच ताण परत येतात आणि क्लॅम्प काढताच बाक दिसतो.

मोजमाप क्युअरिंगच्या दिवशीच करा. पावसाळ्यात पट्टी हवेत पडून राहिली तर राळ ओलावा शोषून फुगते, आकसण्याचा काही भाग भरून निघतो आणि बाक आठवड्यांत कमी होत जातो. तो सुधारला असं समजणं चूक आहे.

मोठं, पातळ ०/९० पॅनल असेल तर ते खोगीरासारखं न होता बहुधा नळीसारखं एकाच दिशेने वळतं, आणि दाबलं की टक्क करून दुसऱ्या दिशेने वळून तिथेही स्थिर राहतं. मायकेल हायर यांनी १९८१ मध्ये हे मांडलं. वरचं सरळ समीकरण अशा पॅनलला लावू नये, कारण त्यात मोठ्या विक्षेपाचा परिणाम धरलेला नाही.

+४५/−४५ च्या दोन थरांत मात्र लांबीचा बाक शोधूनही सापडणार नाही. तिथे B ओढीला पिळाशी जोडतो, म्हणून पट्टी पिळते. सरफेस प्लेटवर एका कर्णावरचे दोन कोपरे टेकतात आणि दुसरे दोन उचलले जातात. थर संख्येने सारखे असणं पुरत नाही, त्यांची प्रतिबिंबंही जागेवर हवीत. +४५/−४५/−४५/+४५ असं रचलं की हा पीळ जातो.