टक्के कशाचे? आकडा छापण्याआधीची तयारी

तासगावातल्या एका शेतकरी मेळाव्यासाठी मी पत्रकाच्या तीनशे प्रती काढल्या होत्या. पहिलीच ओळ होती, ‘जगातलं ७५ टक्के अन्न मधमाश्यांमुळे मिळतं.’ इंटरनेटवरच्या एका लेखातून उचललेली. पुढे बसलेले एक आबा म्हणाले, “सर, ऊस टिपरी लावून येतोय. द्राक्षाचा घडबी माशीवाचून भरतोय. गव्हाला कुठली माशी लागती? मग ह्यो पंचाहत्तर टक्के कशाचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी पत्रक लिहायला बसायच्या आधी काय काय करायचं ते इथे लिहून ठेवतोय.

लेखाची लिंक, तारीख, स्क्रीनशॉट घ्यायचा. हे सांगायला नको.

मग लेखातलं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं आणि टक्क्याच्या पुढचा शब्द अधोरेखित करायचा. माझ्या वाक्यात तो ‘अन्न’ होता. टक्के कशाचे, हे मी मागच्या वेळी विचारलंच नाही. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आता मागे मागे जायचं. नुसतं ‘७५ टक्के’ शोधून काही हाती लागत नाही, कारण गोल आकडा हजार ठिकाणी असतो. इंग्रजीत शोधा, आणि प्रत्येक पायरीवर ‘हे कुणी मोजलं’ एवढंच बघा. लेखाखाली बातमीची लिंक होती, बातमीत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा हवाला. तिथलं वाक्य वाचलं आणि घाम फुटला: माणूस खातो ती फळं वा बिया देणाऱ्या दर चार पिकांपैकी तीन, निदान काही अंशी, परागीभवन करणाऱ्यांवर अवलंबून आहेत. चारपैकी तीन पिकं! अन्न नव्हे. ‘काही अंशी’ वाटेत गळालं होतं.

इथेही थांबायचं नाही. संघटनेचं पान म्हणजे मूळ अभ्यास नव्हे. मोजणी आहे ती अलेक्झांड्रा-मारिया क्लाइन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या निबंधात. तो https://doi.org/10.1098/rspb.2006.3721 इथे सापडतो. क्रमांकात २००६ दिसतं, कारण ऑनलाइन आधी आला आणि छापील अंक नंतर निघाला. हे दोन वेगळे अभ्यास समजून मी अर्धा तास घालवला.

सारांशात गोल टक्के नाहीत, मोजलेली पिकं आहेत. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून, २८ नाहीत. ८७ भागिले ११५ केलं की पाऊणपट येतात. म्हणजे छेदात पिकांची संख्या आहे. त्यात वेलची एक आणि गहू एक, दोघांचं मत सारखंच. आणि लगेच पुढचं वाक्य ‘मात्र’ने सुरू होतं: उत्पादनाच्या वजनाने पाहिलं तर ६० टक्के माल अशा परागीभवनाची गरज नसलेल्या पिकांचा, ३५ टक्के गरज असलेल्यांचा, ५ टक्क्यांचं मूल्यमापन झालेलं नाही. आबांचा प्रश्न त्या एका वाक्यात सुटला असता. म्हणून आपल्या कामाचं वाक्य सापडलं की पुढची दोन वाक्यं वाचायचीच. आणि छेद बघायचा. टक्के कशाचे?

३५ वरही उड्या मारू नका. हा त्या पिकांचा सगळा माल आहे, माश्या गेल्या तर बुडणारा माल नव्हे, कारण यातली बहुतेक पिकं प्राण्यांच्या परागीभवनावर अंशतःच अवलंबून असतात. जगाच्या पीक उत्पादनातला थेट या परागीभवनाच्या खात्यावर पडणारा वाटा आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात ५ ते ८ टक्के दिला आहे. शिवाय हे सगळं वजनावर चालतं. वजनात धान्य भारी पडतं, जीवनसत्त्वं मोजत नाहीत. माश्या बिनकामाच्या, असं म्हणायला हा आकडा वापरला तर ती दुसरी चूक.

‘प्राणी’ म्हणजे फक्त मधमाश्या नव्हेत. त्यात इतर माश्या, फुलपाखरं, पक्षी, वटवाघळंही येतात. लेखाने सगळ्यांचं श्रेय एकीला दिलं होतं.

मग निबंध डाउनलोड करून घ्या, पान क्रमांक नोंदवा, दुसऱ्याला वाचायला द्या. वाक्य नव्याने लिहा: ‘जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या प्रकारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश, काही अंशी तरी, प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत; वजनाने हा वाटा ३५ टक्के.’ लांब झालं, तरी कापू नका, विशेषतः ‘पिकांच्या प्रकारांपैकी’ हे शब्द.

झेरॉक्स टाकायच्या आधी पुन्हा एकदा टक्क्यापुढचा शब्द बघा. आधी एकच प्रत काढा, तीनशे नको. जुनी पत्रकं अजून माझ्या माळ्यावर आहेत, मागची कोरी बाजू हिशोबाला चालते.