दोन राज्यांची तुलना करताना या चुका टाळा: राज्य उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न

2022-23 मध्ये चालू किमतींनुसार, म्हणजे त्याच वर्षाच्या भावांनी, तामिळनाडूचं स्थूल राज्य उत्पन्न (जीएसडीपी) साधारण साडेतेवीस लाख कोटी रुपये होतं, तर उत्तर प्रदेशाचं साडेबावीस लाख कोटींच्या आसपास. एवढंच वाचून दोन्ही राज्यं तुल्यबळ म्हणायची, ही पहिली चूक. स्थूल राज्य उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत वर्षभरात झालेल्या मूल्यवर्धनाची बेरीज. ती किती माणसांमागे आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही. तामिळनाडूत त्या वेळी सुमारे 7.7 कोटी लोक होते, उत्तर प्रदेशात सुमारे 23.5 कोटी. भागाकार केला की तामिळनाडूत माणशी तीन लाखांच्या थोडे वर येतात आणि उत्तर प्रदेशात जेमतेम 96 हजार. म्हणजे तिपटीहून जास्त फरक.

भाजक जुना वापरणं

ही चूक शिकलेल्या माणसांकडूनही सर्रास होते. उत्पन्न ताजं घ्यायचं आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची, कारण ती पटकन सापडते. त्या जनगणनेत तामिळनाडू 7.21 कोटी होता आणि उत्तर प्रदेश 19.98 कोटी. या आकड्यांनी भागलं तर उत्तर प्रदेशाचं दरडोई उत्पन्न 1 लाख 12 हजारांवर जातं, म्हणजे सुमारे 18 टक्के फुगतं. तामिळनाडूचं मात्र 7 टक्क्यांनीच वाढतं. चूक दोन्हीकडे सारखी झाली असती तर तुलना तरी टिकली असती. इथे ज्या राज्याची लोकसंख्या जास्त वेगाने वाढली, त्यालाच फायदा मिळतो. म्हणून त्याच वर्षाची अंदाजित लोकसंख्या घ्या, आणि दोन्ही राज्यांसाठी एकाच तक्त्यातली.

स्थूल आणि निव्वळ यांची सरमिसळ

वर काढलेला आकडा सरकारी तक्त्यातल्या दरडोई उत्पन्नाशी जुळणार नाही. तुमचं गणित चुकलेलं नसतं. सरकारी दरडोई उत्पन्न सहसा निव्वळ राज्य उत्पन्नावरून काढतात, म्हणजे यंत्रं, इमारती, रस्ते यांचा घसारा आधी वजा होतो. त्यामुळे तो आकडा कमीच येतो. एका राज्याचा स्थूल आणि दुसऱ्याचा निव्वळ असं झालं, की तुलना तिथेच संपली. वर्ष आणि अंदाजाचा टप्पाही सारखा हवा. एकाचा अग्रिम अंदाज, म्हणजे वर्ष संपण्याआधीच काढलेला, दुसऱ्याच्या नंतर दुरुस्त केलेल्या, म्हणजे सुधारित अंदाजासमोर ठेवू नका.

दरडोई उत्पन्न म्हणजे खिशातले पैसे समजणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती गणिताची नाही. दरडोई राज्य उत्पन्न हे हद्दीत काय *तयार झालं* ते सांगतं. ते कुणाच्या हाती गेलं, हे सांगत नाही. चेन्नईजवळच्या कारखान्याचा नफा भागधारकांकडे जातो आणि ते कुठेही असू शकतात. उलट, मुंबईत किंवा सुरतेत राबणारा मजूर गोरखपूरला पैसे पाठवतो, पण त्याच्या श्रमाचं मूल्य महाराष्ट्राच्या किंवा गुजरातच्या खात्यात मोजलं जातं.

याचा पडताळा घेता येतो. केंद्र सरकारच्या 2022-23 च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत ग्रामीण तामिळनाडूत दरमहा दरडोई खर्च 5,310 रुपये आला, ग्रामीण उत्तर प्रदेशात 3,191. शहरी भागात हेच आकडे 7,630 आणि 5,040. म्हणजे उत्पादनात तिपटीचं अंतर असूनही खर्चातलं अंतर साधारण दीड ते पावणेदोन पटींचंच आहे. बाहेरून येणारा पैसा, बाहेर जाणारा नफा आणि श्रीमंत राज्यात होणारी जास्त बचत, या सगळ्यांचा यात वाटा असतो. लोक कसे जगतात हा प्रश्न असेल तर खर्चाचा आकडा पाहा; अर्थव्यवस्था किती उत्पादक आहे हा प्रश्न असेल तर दरडोई उत्पन्न.

स्थिर किमतींकडून भलतीच अपेक्षा

‘स्थिर किमतींचे आकडे घेतले, आता महागाईचा प्रश्न मिटला,’ असं ऐकायला मिळतं. अर्धंच खरं आहे. स्थिर किमतींचे आकडे, म्हणजे एका ठरावीक पायाभूत वर्षाचे भाव धरून काढलेले आकडे, त्या राज्याचीच दोन वर्षं ताडून बघायला योग्य, म्हणून वाढीचा दर नेहमी त्यांवरूनच काढावा. पण एका राज्यात शंभर रुपयांत जे मिळतं ते दुसऱ्यात मिळतं का, याचं उत्तर त्यांत नसतं.

त्याचा ढोबळ अंदाज राज्यवार दारिद्र्यरेषांवरून येतो, कारण त्या ठरवताना स्थानिक किमती धरल्या होत्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी ग्रामीण तामिळनाडूची रेषा दरमहा माणशी 880 रुपये होती, ग्रामीण उत्तर प्रदेशाची 768. फरक सुमारे 15 टक्क्यांचा. शहरांत तर दोन्ही जवळपास सारख्या, 937 आणि 941. तेव्हा ‘तिकडे स्वस्ताई आहे’ या एका कारणावर तिपटीचं अंतर खपवता येत नाही.